हंगामापूर्वी शीतगृहातील जागेच्या बुकिंगसाठी व्यापाऱ्यांना ईमेल कसा लिहावा: नव्या व्यवस्थापकांसाठी मार्गदर्शक

शीतगृहात नव्याने रुजू झालेल्या व्यवस्थापकाकडे जुलै महिन्यात हमखास एक काम येते. फळे व भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांना ईमेल पाठवून सफरचंदाच्या हंगामासाठी जागेचे बुकिंग सुरू झाल्याचे त्याला कळवायचे असते. काम दिसायला सोपे असल्यामुळे मागच्या वर्षीचा ईमेल काढून त्यातली तारीख व दर बदलून तो पुढे पाठवला जातो. सप्टेंबरमध्ये गेटवर ट्रकांची रांग लागते आणि दोन व्यापारी एकाच जागेवर हक्क सांगू लागतात, तेव्हा त्या ईमेलमध्ये काय लिहायचे राहिले ते लक्षात येते. नवी मुंबईच्या घाऊक फळबाजारातील व्यापाऱ्यांचा माल ठेवणाऱ्या एका शीतगृहात मी ही बुकिंगची कामे सांभाळतो. त्या अनुभवावरून हा लेख लिहिला आहे. उदाहरण सफरचंदाचे घेतले आहे, कारण वाशीच्या बाजारात हिमाचलचा माल जुलैपासून आणि काश्मीरचा माल ऑगस्टच्या अखेरीपासून येऊ लागतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात शीतगृहांवर सर्वाधिक ताण असतो.

लेखातला मुख्य मुद्दा आधीच सांगतो. शीतगृह पेट्या ठेवण्याची जागा भाड्याने देते हे खरे आहे, पण त्यासोबतच ते एका दिवसात किती गरम माल थंड करू शकते ती क्षमताही देत असते, आणि हंगामात जागेच्या आधी ही क्षमता संपते. म्हणून व्यापाऱ्याला ‘किती पेट्या?’ एवढेच विचारणारा ईमेल अपुरा आहे. ‘कोणत्या तारखेला किती पेट्या?’ हेही त्यात विचारायला हवे.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ असावीत अशी कागदपत्रे

- प्रत्येक चेंबरची क्षमता आणि रोजची भरण्याची मर्यादा दाखवणारा, यंत्रणा उभारणाऱ्या कंपनीने दिलेला तक्ता
- आजचा शिल्लक मालाचा अहवाल, व्यापारीवार आणि लॉटवार
- मागील हंगामाचे आवक-जावक रजिस्टर
- अन्नसुरक्षा परवान्याची प्रत आणि विमा पॉलिसीची प्रत
- तापमापकांच्या तपासणीचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र
- मालकांनी सही केलेले या हंगामाचे दरपत्रक
- एका पानाचा बुकिंग अर्ज आणि अटींचे पत्रक, दोन्ही पीडीएफ स्वरूपात

यातील दरपत्रकावर सही झाल्याशिवाय ईमेल पाठवू नये. ‘दर नंतर कळवू’ असे लिहिलेल्या ईमेलला व्यापारी उत्तर देत नाहीत, आणि दिले तरी ते उत्तर बुकिंग ठरत नाही.

१. खरोखर किती जागा देता येईल ते मोजा

राष्ट्रीय बागवानी मंडळाच्या तांत्रिक मानकांनुसार एक टन साठवणुकीसाठी चेंबरचे ३.४ घनमीटर आकारमान धरले जाते. त्या हिशेबाने ८५० घनमीटरचे चेंबर कागदावर २५० टनांचे होते. मात्र हा आकडा पेट्यांमध्ये उतरवताना सरळ भागाकार करू नये. पुठ्ठ्याच्या पेट्यांची थप्पी एका मर्यादेपलीकडे उंच गेली की खालची पेटी दबते, भिंतीपासून आणि छतापासून हवा फिरण्यासाठी अंतर सोडावे लागते, आणि मधली वाट मोकळी ठेवावी लागते. तुमच्या चेंबरमध्ये मागील हंगामात एका वेळी जास्तीत जास्त किती पेट्या व्यवस्थित बसल्या होत्या, ते रजिस्टरवरून काढा आणि तोच आकडा खरा माना.

आपल्या उदाहरणासाठी असे धरू की शीतगृहात प्रत्येकी २५० टनांची चार चेंबर आहेत आणि त्यांपैकी दोन सफरचंदासाठी राखीव आहेत. २० किलोच्या पेटीने कागदावर दोन्ही चेंबरमध्ये २५,००० पेट्या बसायला हव्यात, पण रजिस्टरनुसार प्रत्यक्षात २२,००० बसतात. आयात सफरचंदाच्या सुमारे १,५०० पेट्या सप्टेंबरअखेरपर्यंत आत राहणार आहेत. खराब पेट्या वेगळ्या काढणे, माल निवडणे आणि अडचणीच्या वेळी थप्पी हलवणे यांसाठी आणखी ५०० पेट्यांची जागा मोकळी ठेवावी. म्हणजे बुकिंगसाठी २०,००० पेट्यांची जागा उरली.

आता दुसरा आणि अधिक महत्त्वाचा आकडा काढायचा आहे. शीतगृहाची यंत्रणा बहुधा रोज एकूण क्षमतेच्या चार ते पाच टक्के नवा माल थंड करण्याच्या हिशेबाने बांधलेली असते. तुमचा नेमका आकडा यंत्रणेच्या तक्त्यात पाहा. आपल्या दोन चेंबरची क्षमता ५०० टन आहे, तेव्हा पाच टक्क्यांनी रोज २५ टन, म्हणजे १,२५० पेट्या होतात. सहा चाकी ट्रकमध्ये साधारण ५०० पेट्या धरल्या, तर दिवसाला दोन ट्रक आणि एक टेम्पो घेता येतो. संपूर्ण २०,००० पेट्या आत घ्यायला किमान सोळा दिवस लागतात. सर्वांनी एकाच आठवड्यात माल आणायचे ठरवले, तर आत जागा रिकामी असूनही तुम्हाला ट्रक परत पाठवावे लागतील.

ही मर्यादा ओलांडल्यास काय होते ते नव्या व्यवस्थापकाने प्रत्यक्ष पाहून ठेवावे. प्रवासातून आलेल्या सफरचंदाच्या गराचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास असू शकते, तर चेंबर शून्य ते एक अंशावर चालवलेले असते. एका दिवसात दुप्पट माल आत गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परत येणारी हवा ठरलेल्या तापमानावर उतरत नाही, आणि आधीपासून थंड असलेल्या पेट्यांवर गरम मालातून आलेल्या हवेतील बाष्प साचते. अशा वेळी खालच्या थरातील पेटीचा कोपरा बोटाने दाबून पाहावा. पुठ्ठा मऊ लागला आणि बोटाचा ठसा राहिला, तर ती थप्पी काही दिवसांत झुकणार हे समजावे. या नुकसानीचा फटका मर्यादा मोडून माल आणणाऱ्याला बसत नाही, तर त्याच्या आधी नियमाने माल ठेवलेल्या व्यापाऱ्याला बसतो. म्हणूनच रोजची मर्यादा ईमेलमध्ये स्पष्ट शब्दांत लिहिणे हे तुमचे त्या व्यापाऱ्याप्रति कर्तव्य आहे.

२. कोणत्या चेंबरमध्ये कोणता माल घेणार ते ठरवा

तुमच्या यादीत फळांचे आणि भाजीपाल्याचे व्यापारी एकत्र असतील. दोघांना एकच ईमेल पाठवून ‘जागा उपलब्ध आहे’ असे लिहिले, की गाजराचा व्यापारी सफरचंदाच्या चेंबरमध्ये जागा मागतो. त्याची मागणी वरकरणी बरोबर असते, कारण गाजरालाही शून्य अंशाच्या आसपासचेच तापमान लागते. पण सफरचंदातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याच्या सहवासात गाजर कडू होते. बटाट्याचा मातकट वास सफरचंदाला लागतो, म्हणून तेही एकत्र ठेवत नाहीत. डाळिंबाला पाच अंशांखाली थंडीची इजा होते आणि संत्र्यालाही पाच ते आठ अंशांच्या दरम्यान ठेवणे योग्य असते. त्यामुळे या दोन्ही फळांना सफरचंदाच्या चेंबरमध्ये घेताच येत नाही.

तेव्हा ईमेल लिहिण्यापूर्वीच चेंबर वाटून घ्यावीत. आपल्या उदाहरणात पहिले व दुसरे चेंबर सफरचंदासाठी शून्य ते एक अंशावर, तिसरे संत्री व डाळिंबासाठी सहा अंशांच्या आसपास आणि चौथे गाजरासारख्या भाज्यांसाठी शून्य अंशावर ठेवले आहे. आता याद्याही वेगळ्या कराव्यात आणि प्रत्येक गटाला फक्त त्याच्या चेंबरविषयीचा ईमेल पाठवावा. एका ईमेलमध्ये चारही चेंबरची माहिती घातली, तर व्यापारी आपल्या कामाचा भाग शोधत बसत नाही, तो सरळ फोन करतो, आणि फोनवर ठरलेल्या गोष्टींची नोंद कुठेच राहत नाही.

३. भाड्याचा हिशेब शब्दांत मांडा

दर किती आहे यावरून वाद क्वचितच होतात. ‘महिना’ कसा मोजायचा यावरून मात्र ते नेहमी होतात. काही शीतगृहे माल आत आल्याच्या दिवसापासून महिना मोजतात, तर काही कॅलेंडरचा महिना धरतात. दोन्ही पद्धती चालू शकतात, पण कोणती ते लिहिले नसेल, तर पहिल्या बिलालाच संबंध बिघडतात.

फरक किती पडतो ते पाहा. दर पेटीमागे महिन्याला २० रुपये आहे असे निव्वळ हिशेबासाठी धरू. एका व्यापाऱ्याच्या १,००० पेट्या २३ सप्टेंबरला आल्या, त्यांतील ४०० पेट्या १५ ऑक्टोबरला आणि उरलेल्या ६०० पेट्या २८ ऑक्टोबरला गेल्या. आवक तारखेपासून महिना मोजला आणि पहिल्या महिन्यानंतर पंधरा-पंधरा दिवसांनी आकारणी केली, तर २२ ऑक्टोबरपर्यंतचे २०,००० रुपये आणि त्यापुढील अर्ध्या महिन्याचे ६०० पेट्यांचे ६,००० रुपये, असे एकूण २६,००० रुपये होतात. कॅलेंडरचा महिना धरून पूर्ण आकारणी केली, तर सप्टेंबरचे २०,००० आणि ऑक्टोबरचे २०,००० मिळून ४०,००० रुपये होतात. एकाच मालावर १४,००० रुपयांचा फरक पडत असेल, तर तो व्यापाऱ्याला बुकिंगपूर्वी समजलाच पाहिजे. माझे मत असे आहे की आवक तारखेपासून लॉटवार आकारणी करणेच न्याय्य आहे, कारण व्यापाऱ्याने जागा वापरली तेवढ्याच काळाचे पैसे त्यात घेतले जातात.

भाड्याव्यतिरिक्त कोणते खर्च येतील तेही त्याच परिच्छेदात लिहावे. माल उतरवण्याची वाराई आणि चढवण्याची हमाली माथाडी मंडळाने ठरवलेल्या दराने व लेव्हीसह वेगळी लागेल की दरात धरलेली आहे, आणि निवड करून पेट्या पुन्हा भरायच्या असल्यास त्याचे वेगळे पैसे किती, हे स्पष्ट असावे. वस्तू व सेवा कराबाबत मात्र अंदाजाने काहीही लिहू नये. ताज्या फळे-भाज्यांची साठवणूक आणि प्रक्रिया केलेल्या मालाची साठवणूक यांना एकच नियम लागू नाही, म्हणून आपल्या लेखापालाकडून वाक्य लिहून घ्यावे आणि तेच जसेच्या तसे वापरावे.

४. जागा राखण्याचे आणि सोडण्याचे नियम ठरवा

बुकिंग पक्के कधी होते, याचे एकच उत्तर असावे. अर्ज आला, आगाऊ रक्कम जमा झाली आणि तुमच्याकडून क्रमांकासह पुष्टीचा ईमेल गेला, या तिन्ही गोष्टी झाल्यावरच ते पक्के होते. जुन्या व्यापाऱ्यांना प्राधान्य द्यायचे असेल, तर त्याची शेवटची तारीख लिहावी. त्या तारखेनंतर ज्याची आगाऊ रक्कम आधी जमा होईल त्याला आधी जागा, हा नियम सर्वांना सारखा लावता येतो.

माल ठरलेल्या दिवशी आला नाही तर काय, याचा नियम करताना काश्मीरच्या रस्त्याचा विचार करावाच लागतो. २०२५ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरमध्ये पाऊस व दरडींमुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि सफरचंदांचे ट्रक वाटेतच अडकून पडले. असा रस्ता सुरू झाला की आठवडाभराचा माल एकदम खाली येतो. व्यापाऱ्याचा यात दोष नसतो आणि तुमची रोजची मर्यादाही बदलत नाही. म्हणून नियम असा करावा की सामान्य स्थितीत ठरलेल्या तारखेनंतर पाच दिवस जागा राखली जाईल, महामार्ग बंद असल्यास रस्ता सुरू होईपर्यंत जागा कायम राहील, मात्र उतरवण्याची तारीख शीतगृह नव्याने देईल. या शेवटच्या उपवाक्यामुळे रस्ता सुरू झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत होणारी ओढाताण बरीच टळते. गणेशोत्सव सप्टेंबरमध्ये येत असेल, तर विसर्जनाच्या दिवशी अवजड वाहनांवर निर्बंध असतात, तेही वेळापत्रकात आधीच धरावे.

५. ईमेल लिहा

पत्रव्यवहार व्यापाऱ्याच्या गाळ्यावरचे दिवाणजी पाहतात आणि निर्णय शेठ घेतात. दिवाणजी मोबाइलवर ईमेल उघडतात, म्हणून विषयाच्या ओळीतच माल, काळ आणि उत्तराची शेवटची तारीख आली पाहिजे. ‘महत्त्वाची सूचना’ किंवा ‘बुकिंगबाबत’ असा विषय लिहू नये, कारण नंतर शोधताना तो सापडत नाही. खालील नमुना सफरचंदाच्या गटासाठी आहे. रिकाम्या जागा तुमच्या दरपत्रकाप्रमाणे भराव्यात.

> विषय: सफरचंद साठवणूक, सप्टेंबर ते जानेवारी: जागेचे बुकिंग, उत्तराची शेवटची तारीख १० ऑगस्ट
>
> मा. महोदय,
> सप्रेम नमस्कार.
>
> येत्या हंगामात सफरचंद साठवणुकीसाठी आमच्या शीतगृहातील चेंबर क्रमांक १ व २ मध्ये एकूण २०,००० पेट्यांची जागा उपलब्ध आहे. दोन्ही चेंबर शून्य ते एक अंश सेल्सिअस तापमानावर चालवली जातील आणि त्यांत सफरचंदाव्यतिरिक्त दुसरा कोणताही माल घेतला जाणार नाही.
>
> दोन्ही चेंबर मिळून एका दिवसात १,२५० पेट्यांपर्यंतच नवा माल उतरवून घेतला जाईल. आत असलेल्या मालाचे तापमान स्थिर राहावे यासाठी ही मर्यादा असून ती सर्वांना सारखी लागू आहे. त्यामुळे आपण एकूण पेट्यांसोबत आवकेच्या अपेक्षित तारखाही कळवाव्यात, ही विनंती.
>
> भाडे २० किलोपर्यंतच्या पेटीस दरमहा रु. ____ असून महिना माल उतरवल्याच्या दिनांकापासून लॉटवार मोजला जाईल. किमान आकारणी एक महिन्याची राहील आणि त्यापुढे पंधरा दिवसांच्या टप्प्याने होईल. वाराई व हमाली माथाडी मंडळाच्या दराने स्वतंत्र आकारली जाईल.
>
> मागील हंगामातील व्यापाऱ्यांसाठी १० ऑगस्टपर्यंत जागा राखून ठेवली आहे. त्यानंतर आगाऊ रक्कम जमा होण्याच्या क्रमाने जागा दिली जाईल. एका महिन्याच्या भाड्याइतकी आगाऊ रक्कम १७ ऑगस्टपर्यंत जमा करावी. ती अखेरच्या बिलात वळती केली जाईल. शीतगृहाकडून बुकिंग क्रमांकासह ईमेल आल्यानंतरच बुकिंग पक्के समजावे.
>
> कृपया याच ईमेलला उत्तर देऊन पुढील पाच बाबी कळवाव्यात: (१) मालाचे मूळ ठिकाण आणि जात, (२) पेट्यांची एकूण संख्या व पेटीचे वजन, (३) तारीखवार अपेक्षित आवक, (४) माल किती महिने ठेवायचा आहे, (५) माल सोडण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचे नाव व मोबाइल क्रमांक.
>
> बुकिंग अर्ज, अटींचे पत्रक आणि अन्नसुरक्षा परवान्याची प्रत सोबत जोडली आहे.
>
> आपला विश्वासू,
> (नाव)
> व्यवस्थापक, (शीतगृहाचे नाव व पत्ता)
> कार्यालयीन वेळ व दूरध्वनी: ____

या नमुन्यात मर्यादेचे कारण एका वाक्यात दिले आहे, ते गाळू नये. कारण समजले की व्यापारी मर्यादा मान्य करतात. ते दिले नाही तर शीतगृह आपल्याला टाळते आहे असा त्यांचा समज होतो. पेटीचे वजन विचारण्यामागेही कारण आहे. हिमाचलचा सार्वत्रिक खोका आणि काश्मीरची पेटी यांचे आकार व वजन सारखे नसते, आणि एका थप्पीत वेगवेगळ्या आकाराच्या पेट्या आल्या की वरचा थर सरळ बसत नाही.

ईमेलमध्ये एक आश्वासन कधीही देऊ नये, ते म्हणजे माल ‘हवा तितके दिवस’ टिकण्याचे. नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहात सफरचंद बरेच अधिक महिने ठेवता येते, पण साध्या शीतगृहात सप्टेंबरमध्ये आलेला, योग्य वेळी तोडलेला माल डिसेंबर-जानेवारीपर्यंत चांगला राहतो आणि त्यापुढे त्याचा करकरीतपणा कमी होऊ लागतो. म्हणून विषयाच्या ओळीतच ‘जानेवारी’ असे लिहिले आहे.

६. पाठवताना घ्यायची काळजी

सर्वांत वाईट चूक म्हणजे सर्व व्यापाऱ्यांचे पत्ते एकाच ओळीत उघडपणे टाकणे. ते एकमेकांचे स्पर्धक असतात. एकाने ‘सर्वांना उत्तर’ हे बटण दाबले, की त्याच्या पेट्या, तारखा आणि मालाचे ठिकाण साऱ्या बाजाराला कळते. त्याचा राग तुमच्यावर निघतो आणि तो योग्यच असतो. प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल पाठवावा. ते शक्य नसेल तर निदान सर्व पत्ते बीसीसीमध्ये टाकावेत.

जोडलेल्या फाइलचे नाव ‘स्कॅन ००१’ असे न ठेवता ‘सफरचंद बुकिंग अर्ज’ असे ठेवावे. ईमेल दुपारनंतर, गाळ्यावरची सकाळची घाई ओसरल्यावर पाठवावा, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींचा निरोप द्यावा की अमुक विषयाचा ईमेल पाठवला आहे, उत्तर ईमेलवरच द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘माझ्या दोन हजार पेट्या धरा’ असा निरोप आला, तर त्याला ‘ठीक आहे’ असे उत्तर देऊ नये. तेवढे दोन शब्द पुढे बुकिंगचा पुरावा म्हणून दाखवले जातात. ‘कृपया ईमेलला उत्तर द्यावे, त्यानंतर क्रमांक देतो’ असे लिहावे.

७. आलेल्या उत्तरांवरून वेळापत्रक लावा

उत्तरे येऊ लागली की एका तक्त्यात उभ्या ओळीत तारखा आणि आडव्या ओळीत व्यापारी लिहून रोजची बेरीज १,२५० च्या आत ठेवायची असते. समजा, एका व्यापाऱ्याने ३,००० पेट्या मागितल्या आणि २० व २१ सप्टेंबर या दोन दिवसांत सर्व सहा ट्रक येतील असे कळवले. तुमच्या तक्त्यात २० ते २२ तारखेला दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा रोज एक ट्रक आधीच पक्का आहे. तेव्हा या व्यापाऱ्याला २०, २१ आणि २२ तारखेला प्रत्येकी एक, २३ तारखेला दोन आणि २४ तारखेला एक, असे सहा ट्रक देता येतात. रोज उरलेली २५० पेट्यांची जागा टेम्पोने माल आणणाऱ्या लहान व्यापाऱ्यांसाठी ठेवावी. ही जागा मोठ्या ट्रकाच्या कामाची नसते, पण तीच आधी संपते.

पुष्टीचा ईमेल पाठवताना हे वेळापत्रक त्यात तारीखवार लिहावे आणि बदल केला असल्यास तो स्पष्ट सांगावा: ‘आपण २० व २१ तारीख कळवली होती. रोजच्या मर्यादेमुळे आपल्या सहा ट्रकांसाठी पुढीलप्रमाणे दिवस ठरवले आहेत.’ जमा झालेल्या आगाऊ रकमेचा आकडाही द्यावा. वर हिशेबासाठी धरलेल्या २० रुपयांच्या दराने ३,००० पेट्यांची आगाऊ रक्कम ६०,००० रुपये होते. व्यापाऱ्याला लदाई पुढे-मागे करायची असेल, तर त्याला बागेतल्या माणसाशी बोलण्यासाठी एवढी माहिती पुरते.

जागा संपल्यानंतर आलेल्या मागण्यांना नकार न देता प्रतीक्षायादीचा क्रमांक द्यावा, आणि १७ ऑगस्टनंतर आगाऊ रक्कम न आलेली बुकिंगे सोडून त्याच क्रमाने जागा द्यावी. सोडण्यापूर्वी मूळ व्यापाऱ्याला एक स्मरणपत्र ईमेलनेच पाठवावे.

८. पुष्टीसोबत अटी मान्य करून घ्या

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने त्याची तितकीच काळजी घ्यायची असते, जितकी सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या तशाच मालाची घेईल. ही जबाबदारी तुमच्यावर आहेच. पण माल आला तेव्हा कसा होता याची नोंद नसेल, तर नंतर झालेली खराबी कोणाची हे ठरवता येत नाही. म्हणून अटींमध्ये लिहावे की उतरवताना प्रत्येक ट्रकातील काही पेट्या उघडून गराचे तापमान टोचणीच्या तापमापकाने मोजले जाईल, डागी व दबलेल्या फळांची नोंद आवक पावतीवर होईल आणि त्यावर व्यापाऱ्याच्या माणसाची सही घेतली जाईल.

विम्याबाबत व्यापाऱ्यांचा मोठा गैरसमज असतो. शीतगृहाच्या इमारतीचा व मालाचा आगीचा विमा असला, तरी यंत्र बंद पडून तापमान वाढल्याने झालेली खराबी त्यात आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तुमच्या पॉलिसीत ते आहे की नाही, हे अटींच्या पत्रकात एका वाक्यात लिहावे. नसेल तर तसेच लिहावे, म्हणजे व्यापाऱ्याला स्वतःचा विमा काढता येतो.

व्यापाऱ्याकडून या टप्प्यावर पॅन, बाजार समितीच्या परवान्याची प्रत आणि माल सोडण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या सहीचा नमुना घ्यावा. सहीचा नमुना सर्वांत उपयोगी पडतो. दिवाळीच्या आठवड्यात ‘शेठनी सांगितले आहे, शंभर पेट्या सोडा’ असा फोन दिवसातून अनेकदा येतो. अशा वेळी फोनवर माल न सोडता, नमुन्याशी जुळणाऱ्या सहीची चिठ्ठी किंवा नोंदवलेल्या ईमेलवरून आलेला निरोप पाहूनच गेटपास द्यावा, आणि हा नियम पुष्टीच्या ईमेलमध्ये बुकिंग क्रमांकाच्या लगेच खाली लिहावा.

९. आवकेच्या चार दिवस आधीचा ईमेल

हा शेवटचा ईमेल पाच-सहा ओळींचा असतो. त्यात बुकिंग क्रमांक, ट्रकचा दिवस, गेट उघडण्याची वेळ आणि चालकाने ज्याला फोन करायचा त्या माणसाचा क्रमांक लिहावा. व्यापाऱ्याकडून ट्रकचा क्रमांक आणि लदाईची तारीख मागवावी. लदाईच्या तारखेवरून ट्रक वेळेवर येणार की नाही हे आधीच कळते, आणि उशीर होणार असेल तर त्या दिवशीची उतरवण्याची पाळी प्रतीक्षायादीतील पुढच्या व्यापाऱ्याला देता येते. चालकाला रात्री गेटवर थांबावे लागणार असेल, तर गाडी कुठे उभी करायची तेही लिहावे, कारण पहाटे गेटसमोर उभ्या राहिलेल्या दोन गाड्यांमुळे त्या दिवसाचे सगळे वेळापत्रक दोन तास मागे जाते.